कार्ड आणलंत, पण करंटचं काय?

नवीन ग्राफिक्स कार्ड घेणारा माणूस ओळखायचा कसा? एकदम सोप्पं! दोन आठवडे तो लंच अवरमध्ये फक्त फ्रेम्स, रे ट्रेसिंग आणि 'कितीला पडलं' यावरच बोलतो. कार्डाला पंखे दोन आहेत की तीन, हे त्याला तोंडपाठ असतं. कॅबिनेटमध्ये ते मावेल का, हेही त्याने पट्टी लावून मोजलेलं असतं. पण त्याला विचारा, "बॉस, तुझा एसएमपीएस कितीचा?" की गाडी अडलीच. "असेल पाचशे-साडेपाचशेचा. असेंबल करणाऱ्याने टाकलाय काहीतरी."

हे 'काहीतरी' म्हणजे कॅबिनेटच्या तळाशी किंवा मागच्या कोपऱ्यात बसलेला तो लोखंडी डबा. भिंतीतल्या २३० व्होल्टचं रूपांतर तो कॉम्प्युटरला पचेल अशा विजेत करतो. पीसी घेताना सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत येणारी वस्तू हीच. आणि तगडं कार्ड लावल्यावर सगळ्यात आधी मान टाकणारीही हीच.

आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राचीच केस घ्या. दिवसा थ्रीडी डिझाइन आणि रात्री गेमिंग असा त्याचा डबल रोल. त्याने आरटीएक्स ३०८० हे कार्ड सेकंड हँड उचललं. २०२० मध्ये आलेलं हे कार्ड आजही चांगलं पळतं, पण वीज पिण्याच्या बाबतीत पक्कं खवय्या! दहा जीबीवालं मूळ मॉडेल ३२० वॅटचं. त्याआधी या पठ्ठ्याकडे होतं जीटीएक्स १६५०, ७५ वॅटचं. त्याला एसएमपीएसकडून वेगळी केबलसुद्धा लागत नव्हती, सगळी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच मिळायची. म्हणजे त्याचा पीसी चार वर्षं बिनतक्रार चालला खरा, पण त्या चार वर्षांत एसएमपीएसची परीक्षा कधी झालीच नव्हती. 'आतापर्यंत काही झालं नाही' हा पुरावा इथे अजिबात चालत नाही.

डब्यावरचा मोठा आकडा विसरा

पहिलं काम कार्ड खोक्यातून काढण्याआधीचं. पीसी शटडाउन करा, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद करा, पिन भिंतीतून काढा आणि साइड पॅनेल उघडा. डब्याच्या एका बाजूला स्टिकर असतो. बऱ्याचदा तो नेमका आतल्या बाजूला तोंड करून बसलेला असतो. तसं असेल तर कॅबिनेटच्या मागचे चार स्क्रू काढून डबा थोडा सरकवा आणि मोबाइलवर स्टिकरचा फोटो काढा. (स्क्रू कॅबिनेटचे काढायचे, डब्याचे नाहीत. एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरमध्ये पिन काढल्यावरही चार्ज शिल्लक राहतो, त्यामुळे तो डबा घरी उघडायचा नाही म्हणजे नाही.) विंडोज किंवा कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला एसएमपीएसची क्षमता सांगू शकत नाही, त्यामुळे हा फोटो मस्ट आहे.

आता स्टिकर वाचूया. मित्राच्या डब्यावर ठळक अक्षरांत '५५० वॅट' असं लिहिलं होतं. इथेच निम्मी पब्लिक थांबते आणि खूश होते. पण त्याखाली जो बारीक तक्ता असतो ना, खरी गोष्ट त्यात असते. एसएमपीएस तीन मुख्य व्होल्टेज देतो : ३.३, ५ आणि १२. आजच्या पीसीमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही बडे खवय्ये जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. म्हणून बघायचा आकडा एकच. १२ व्होल्टला एकूण किती वॅट?

या डब्यावर १२ व्होल्टचे दोन रकाने होते, दोन्हींत १६ अँपिअर. आता शाळेतलं गणित : व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. दोन्ही मिळून ३२ अँपिअर, गुणिले १२, म्हणजे ३८४ वॅट. पण थांबा! खाली आणखी एक ओळ होती आणि त्यात दोन्ही लाइन मिळून जास्तीत जास्त ३६० वॅट असं छापलं होतं. खरा आकडा हाच. दोन रकान्यांची बेरीज कधी करू नका, एकत्रित मर्यादाच धरा. म्हणजे '५५० वॅट'च्या डब्याकडे कामाची वीज होती फक्त ३६० वॅट! बाकीची ताकद ३.३ आणि ५ व्होल्टवर लिहिलेली, जिथे आजच्या पीसीला तिचा फारसा उपयोग नाही. गंमत म्हणजे तक्त्यातले सगळे आकडे मिळवले तरी ५५० काही होत नव्हते.

तुलनेसाठी, चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टच्या रकान्यात ४५ अँपिअर असतात, म्हणजे ५४० वॅट. वरचं लेबल सेम टू सेम, आतला माल वेगळा. आणि हो, '८० प्लस'चा ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का पाहून भाळू नका. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते, एवढंच तो शिक्का सांगतो. डबा किती वॅट देतो किंवा किती टिकतो, हे नाही.

जेवणावळीचा हिशेब

आता पंगतीला कोण कोण बसणार ते मोजू. कार्डाचे ३२० वॅट. मित्राचा प्रोसेसर रायझन ५ ५६००एक्स. खोक्यावर ६५ वॅट लिहिलंय, पण पूर्ण कामाला लागला की सॉकेटमधून तो ७६ वॅटपर्यंत घेतो, म्हणून आपण ७६ धरायचे. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एक जुनी हार्ड डिस्क, चार पंखे आणि त्या रंगीबेरंगी दिव्यांची रोषणाई, या सगळ्यांचे मिळून सढळ हाताने ५० वॅट. एकूण झाले ४४६.

त्याच्या डब्यात १२ व्होल्टला होते ३६०. खेळ खल्लास! हे कळायला ना कार्ड लावावं लागलं, ना काही जाळावं लागलं. फक्त एक फोटो आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरला.

मग पुढचा स्वाभाविक प्रश्न त्याने विचारलाच : "चांगल्या कंपनीचा ५५० घेतला तर? ५४० मध्ये ४४६ बसतात की!" कागदावर बसतात. पण ३२० हा कार्डाचा सरासरी आकडा आहे, कमाल नाही. गेममध्ये एका फ्रेमचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होताना कार्ड क्षणभर हात आखडता घेतं आणि पुढच्याच क्षणी एकदम घास ओढतं. हे झटके मिलिसेकंदापेक्षाही छोटे असतात. ३०८० च्या बाबतीत ते साडेचारशे वॅटच्या वर गेलेले तपासणाऱ्यांनी मोजले आहेत. आपल्या डोळ्यांना किंवा स्क्रीनवरच्या मीटरला ते दिसत नाहीत, पण एसएमपीएसच्या आतल्या संरक्षक सर्किटला दिसतात. त्याला वाटतं कुठेतरी शॉर्ट झालं आणि तो प्रामाणिकपणे सगळी वीज तोडून टाकतो. गणित करून बघा : झटक्याच्या क्षणी कार्डाचे ४५० ते ४८०, वर प्रोसेसर आणि बाकीच्यांचे १२६. सहाशेच्या आसपास गेलो की नाही?

सगळे ५५० वॅटवाले इथे मान टाकतात असं नाही. काही चांगले डबे क्षणिक झटके मुकाट सोसतात, काही थोडे जास्तच संवेदनशील असतात. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या नियमावलीत तर एसएमपीएसने रेटिंगच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे, असं स्पष्टच घातलं आहे. त्यामुळे नवा डबा घेताना खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ दिसलं तर ते नक्की बघा. जुन्या डब्यावर ते नसणारच, तिथे वॅटची मोकळी जागा हाच उपाय.

एनव्हीडिया या कार्डासाठी ७५० वॅटचा सप्लाय सुचवते. तो आकडा एखादा भरपूर वीज खाणारा प्रोसेसर धरून आणि थोडी धास्ती ठेवून काढलेला असतो. मित्राच्या साध्या प्रोसेसरला चांगला ६५०ही चालला असता, असं माझं मत. पण ६५० आणि ७५० च्या किमतीत फरक थोडाच होता आणि उद्या प्रोसेसर बदलायचा झाला तर? म्हणून त्याने ७५० घेतला. स्टिकरवर १२ व्होल्टला ६२ अँपिअर, म्हणजे ७४४ वॅट. आपली पंगत ४४६ ची, म्हणजे साधारण ६० टक्के. पंखाही आरामात फिरतो आणि रात्री झोपणाऱ्यांच्या शिव्याही बसत नाहीत.

एक सावधगिरी : ३०८० म्हणजे सगळी ३०८० सारखी नसतात. काही कंपन्या आपलं मॉडेल कारखान्यातच ताणून विकतात. ती ३२० पेक्षा बरीच जास्त वीज घेतात आणि त्यांच्या डोक्यावर वीज घ्यायला दोनऐवजी तीन सॉकेट असतात. म्हणून आकडा बघायचा तो आपल्या नेमक्या मॉडेलचा.

केबल : इथे होतात खरे घोटाळे

वॅटचा प्रश्न सुटला की लोकांना वाटतं झालं, आता पिन खोचा आणि चालू करा. अहो, सगळ्यात महाग चुका इथेच होतात!

मित्राच्या कार्डावर आठ पिनची दोन सॉकेट होती. अशा एका सॉकेटमधून १५० वॅट अपेक्षित असतात आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५. म्हणजे दोन सॉकेट आणि स्लॉट मिळून ३७५ वॅट. ३२० ची भूक भागते. आता जुन्या डब्यातून कार्डासाठी निघणाऱ्या केबल मोजल्या तर निघाली एकच. तिच्या टोकाला एक आठ पिनचा आणि पुढे एक सहा पिनचा प्लग. हासुद्धा एक इशाराच असतो. ज्या डब्यात कार्डासाठी पुरेशा केबलच नाहीत, त्याच्या बनवणाऱ्याने एवढ्या मोठ्या कार्डाचा विचार केलेला नसतो.

दुकानात मात्र यावर तोडगा तयार असतो. लॅमिंग्टन रोडवर कुठल्याही काउंटरवर विचारा, "आठ पिनचं कमी पडतंय," की समोरचा खणातून शेदीडशेचा कन्व्हर्टर काढून देतो. "लावा ना साहेब, चालतं." चालतंही, पहिले काही दिवस. पण सॅटा प्लगचा हिशेब बघा. हार्ड डिस्कला जाणाऱ्या त्या चपट्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन छोट्या पिना, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. आणि कन्व्हर्टरच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं कार्ड मागणार १५०! पिना तापतात, प्लास्टिक मऊ होतं, आधी जळका वास आणि मग धूर. सॅटावरून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारा कन्व्हर्टर फुकट मिळाला तरी घरी आणू नका. जुन्या चार पिनच्या मोलेक्सवरून काढलेले कन्व्हर्टर त्यापेक्षा थोडे बरे, पण तीनशे वॅटच्या कार्डासाठी तेही नाहीत.

नव्या ७५० च्या खोक्यात दोन केबल मिळाल्या आणि गंमत म्हणजे प्रत्येक केबलला दोन-दोन आठ पिनचे प्लग. मित्र लगेच म्हणाला, "मग एकच केबल लावतो, दोन्ही प्लग कार्डात जातात. वायरिंग पण नीट दिसतं." दिसतं खरं. पण आठ पिनच्या केबलमध्ये १२ व्होल्ट वाहून नेणाऱ्या तारा असतात फक्त तीन, बाकीच्या परतीच्या. दोन प्लगमधून मिळून २५० वॅट ओढले तर सुमारे २१ अँपिअर होतात. ते सगळे एसएमपीएसकडच्या टोकाला त्याच तीन तारांतून जाणार, म्हणजे प्रत्येकीत सात अँपिअर. झटक्याच्या वेळी आणखी जास्त. साध्या पिना अशा वेळी मर्यादेच्या जवळ पोचतात. दोन वेगळ्या केबल लावल्या की तोच भार सहा तारांत वाटला जातो, प्रत्येकीत साडेतीन. केबल गार राहते आणि कार्डापर्यंत पोचणारं व्होल्टेजही कमी पडत नाही. उरलेले दोन प्लग लोंबकळताना थोडे विचित्र दिसतात, एवढंच. झिप टायने मागे बांधून टाका.

साधारण सव्वादोनशे वॅटच्या वरचं कार्ड असेल तर प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र केबल, हा नियम मी तरी पाळायला सांगेन. त्याखाली एकाच केबलचे दोन प्लग वापरले तर आभाळ कोसळत नाही.

आता आठ पिनचा आणखी एक जुळा भाऊ. प्रोसेसरला वीज देणारा प्लगही आठ पिनचाच असतो! फरक कसा ओळखायचा? प्रोसेसरवाला मधोमध चिरून चार अधिक चार होतो, कार्डवाला सहा अधिक दोन. प्लगवर बहुतेक वेळा 'सीपीयू' आणि 'पीसीआय-ई' किंवा 'व्हीजीए' असं कोरलेलंही असतं. दोघांमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंड नेमके उलट्या रांगांत असतात, म्हणजे चुकीचा प्लग बसला तर थेट शॉर्ट. चुकीचा बसू नये म्हणून पिनांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेत. म्हणून प्लग जात नसेल तर जोर लावायचा नाही, काढून नाव वाचायचं.

आणि ज्यांचा एसएमपीएस मॉड्युलर आहे, म्हणजे ज्याच्या केबल डब्याकडूनही निघतात, त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. डबा बदलताना जुन्या केबल तशाच ठेवून नवा डबा लावायचा मोह होतो, कारण त्या इतक्या छान ओढून बांधलेल्या असतात. नाही! कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण डब्याकडच्या टोकाला कुठली पिन कशासाठी, हे प्रत्येक कंपनी आपलं आपलं ठरवते. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असतो. प्लग मस्त 'टक' करून बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी क्षणात स्वर्गवासी होतो. फोटो, प्रोजेक्ट सगळं घेऊन. डबा बदलला की त्याच्या सगळ्या केबल बदलायच्या. कंटाळा करायचा नाही.

सोळा पिनवाल्यांसाठी

तुम्ही सेकंड हँड ३०८० नाही, नवीन कार्ड घेत असाल तर वरचं आठ पिनचं चित्र थोडं बदलेल. २०२२ च्या ४००० सिरीजपासून एनव्हीडियाच्या मोठ्या कार्डांवर एकच छोटं सोळा पिनचं सॉकेट आलं. त्यातून ६०० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते. आकाराने लहान आणि काम मोठं, म्हणून इथे चुकीला जागा फारच कमी. सहा पिनांतून ५० अँपिअर, म्हणजे प्रत्येकीत आठच्या वर, आणि पिनेची क्षमता साडेनऊ. आठवा, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ४०९० कार्डांचे वितळलेले प्लग जगभर गाजले होते. नोव्हेंबरमध्ये एनव्हीडियाने सांगितलं, की आपल्याकडे सुमारे ५० केसेस आल्या असून प्लग पूर्ण आत न बसणं हे त्यातलं सामायिक कारण दिसतं. पुढे २०२३ मध्ये सॉकेटची रचना सुधारली. प्लग नीट लागलाय हे ओळखणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला वीज मागताच येऊ नये. तरीही २०२५ मध्ये ५०९० चे वितळलेले प्लग पुन्हा बातम्यांत आलेच. त्यामुळे 'आता प्रॉब्लेम संपला' असं मी म्हणणार नाही.

करायचं काय? प्लग आत ढकलताना क्लिकचा आवाज येतो, पण त्यावर विसंबू नका. मोबाइलचा टॉर्च लावून बाजूने बघा, प्लग आणि सॉकेटमध्ये फट दिसता कामा नये. मग प्लग हलकेच मागे ओढून बघा. आणि पहिल्या साडेतीन सेंटिमीटरमध्ये केबल वाकवू नका, बाकीची कितीही वळवा. कॅबिनेटची काच लावताना केबल काचेला टेकून दुमडत असेल, तर कार्ड नव्हे, कॅबिनेट छोटं आहे. कार्डासोबत अ‍ॅडॅप्टर येतो, त्यालाही वर म्हटल्याप्रमाणे प्रत्येक प्लगसाठी वेगळी केबल द्या.

लावलं, आता?

पिन काढलेली असतानाच कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-सात सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाईल. जुनं कार्ड काढा, नवं स्लॉटमध्ये बसवा, स्क्रू लावा आणि मग केबल. सहा अधिक दोनचे दोन्ही तुकडे आधी हातात जुळवून मगच एकत्र आत घाला. दोन पिनचा तुकडा मागे राहून जाणं, हा घरोघरचा किस्सा आहे!

केबल लावायची राहिली किंवा अर्धवट बसली तर एनव्हीडियाचं कार्ड बरेचदा स्वतःच तक्रार करतं. विंडोज सुरू होण्याऐवजी स्क्रीनवर हे दिसतं :

```
PLEASE POWER DOWN AND CONNECT THE PCIe POWER CABLE(S)
FOR THIS GRAPHICS CARD
```

टेन्शन घेऊ नका, कार्ड बिघडलेलं नाही. बंद करा, प्लग तपासा.

खरी परीक्षा मात्र डेस्कटॉपवर नाही, भार आल्यावर. ड्रायव्हर टाकल्यावर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा आणि बाजूला एखादा जड गेम किंवा रेंडर चालू ठेवा :

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,power.limit --format=csv -l 1
```

दर सेकंदाला कार्ड किती वॅट घेतंय आणि त्याची मर्यादा किती, हे दिसत राहील. मित्राच्या स्क्रीनवर आकडा ३१० ते ३२० च्या मध्ये फिरत होता. अर्धा तास तसाच राहू द्या. मग बंद करून, पिन काढून, प्लगला बोट लावून बघा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, प्लास्टिकचा रंग बदलला असेल किंवा वास येत असेल, तर पुन्हा चालू करू नका.

वीज कमी पडतेय हे ओळखायचं कसं? त्याची एक ठरलेली स्टाइल आहे. ब्राउझिंग, व्हिडिओ, ऑफिसचं काम सगळं झक्कास, आणि गेम रंगात आला की पीसी खट्‌कन बंद किंवा रीस्टार्ट. निळी स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही, काही नाही. कधी तर पॉवर बटण दाबूनही सुरू होत नाही, मागचं बटण बंद करून पुन्हा चालू केल्यावरच जिवंत होतो. असं झालं तर समजा, एसएमपीएसच्या संरक्षक सर्किटने दार लावून घेतलं होतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्युअरमध्ये Kernel-Power 41 अशी नोंद सापडेल, पण तिच्यामुळे फार हुरळू नका. पीसी नीट शटडाउन न होता बंद पडला, एवढंच ती सांगते, का पडला ते नाही. याउलट स्क्रीनवर रंगीत चौकोन नाचत असतील किंवा गेम क्रॅश होऊन विंडोज मात्र चालू राहत असेल, तर संशय आधी ड्रायव्हरवर आणि मग खुद्द कार्डावर घ्या.

खात्री करायला एक सोपी ट्रिक आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि कार्डाच्या भुकेला लगाम घाला :

```
nvidia-smi -pl 270
```

आता कार्ड सरासरी २७० वॅटच्या वर जाणार नाही. फ्रेम्स थोड्याशाच कमी होतात. बंद पडणं थांबलं, तर दोषी जवळजवळ नक्की एसएमपीएस किंवा केबल. पीसी रीस्टार्ट केला की ही मर्यादा निघून जाते. पगार होईपर्यंत नवा डबा पुढे ढकलायचा असेल तर हा लगाम तात्पुरता वापरता येतो. पण ३६० वॅटच्या डब्याला ४४६ ची पंगत वाढायला यावर अवलंबून राहू नका. झटके यानेही पूर्ण जात नाहीत.

मित्राचं सगळं नीट चाललं, तरी एक गोष्ट राहिलीच होती. त्याच्या टेबलाखाली एक छोटा यूपीएस होता, '६०० व्हीए'वाला. आपल्याकडे घरोघरी तोच असतो. त्याच्या मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : ३६० वॅट. आता पीसीच्या आत ४४६ वॅट लागत असतील, तर रूपांतरात वाया जाणारी वीज धरून भिंतीतून साधारण ५०० जातात. वर मॉनिटरचे ३०. लाइट असताना हा भार कसाबसा निभतो, पण लाइट गेली रे गेली की यूपीएस 'टीं' करून क्षणात हात वर करतो. ज्या दहा मिनिटांसाठी तो घेतला, ती दहा सेकंदंही मिळत नाहीत. त्याने शेवटी पीसीसाठी हजार व्हीएचा, लेबलवर ६०० वॅट लिहिलेला यूपीएस आणला आणि जुना राउटरला लावून टाकला. राउटरला पंधरा वॅटही लागत नाहीत, त्यामुळे लाइट गेली तरी वायफाय आता बराच वेळ चालू राहतं.